कैलासावर ऊन कधी येतं?

डिसेंबरचा शेवटचा रविवार होता आणि आम्ही पावणेबाराला वेरूळच्या तिकीटखिडकीपाशी पोचलो. रांग वळून पार्किंगपर्यंत आली होती. चार शाळांच्या सहली, दोन लग्नघरं आणि शेकडो आमच्यासारखे. आत गेलो तर कैलासाच्या दारातून माणसं दळणासारखी आत ओतली जात होती. वरच्या सभामंडपाकडे जाणाऱ्या दगडी जिन्यावर उतरणाऱ्यांनी चढणाऱ्यांना अडवलेलं होतं. आईचा चष्मा उन्हात आपोआप काळा होणारा. अंगणात तो काळा झाला, आणि मंडपाच्या अंधारात गेल्यावर लवकर पांढरा होईना. "अगं, आत आहे तरी काय?" असं ती विचारत राहिली. अर्ध्या तासात आम्ही बाहेर. सोळाशे किलोमीटर दूर राहणारी माझी मावसबहीण मुद्दाम आली होती. तिच्या फोनमध्ये त्या दिवसाचे सत्तर फोटो आहेत, आणि सगळ्यांत आभाळ पांढरं फटक आणि देऊळ काळं.

परत निघताना एका वयस्क गाईडकाकांनी आमचे चेहरे बघून एक वाक्य टाकलं, "ताई, हे देऊळ मावळतीकडं तोंड करून बसलंय. तुम्ही त्याच्याकडं भलत्या वेळी आला."

त्यानंतर मी वेरूळला सहा-सात वेळा गेले. वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या वेळी, कधी मुद्दाम चुकीच्या वेळीसुद्धा. "सकाळी लवकर जा" हा सगळीकडे मिळणारा सल्ला इथे अर्धाच खरा आहे, हे त्यातून कळलं. गर्दी, ऊन आणि उजेड या तिघांचं इथे एकमेकांशी पटत नाही. पहाटे गर्दी नसते, ऊनही नसतं, पण लेण्यांत उजेडही नसतो. संध्याकाळी उजेड थेट आत येतो, पण दगड तापलेला असतो. मधल्या वेळी तिन्ही गोष्टी वाईट. म्हणून किती वाजता जायचं यापेक्षा कुठलं लेणं किती वाजता बघायचं, हा खरा प्रश्न आहे.

आधी जागेची रचना. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण तीस किलोमीटरवर, काळ्या बसाल्टच्या डोंगराच्या कडेला दोनेक किलोमीटर लांबीत ही चौतीस लेणी आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमांक लावलेत. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. कैलास हे सोळावं, आणि तिकीटखिडकीतून आत आलं की तेच समोर दिसतं. डोंगराची कडा पश्चिमेकडे उतरते, त्यामुळे बहुतेक सगळ्या लेण्यांचं तोंड साधारण पश्चिमेला आहे. सूर्य उगवतो तो या सगळ्यांच्या पाठीमागून, डोंगराच्या पलीकडून. पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या अगदी उलट.

कैलासाची गोष्ट त्यातही वेगळी आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे देऊळ आहे. कारागिरांनी डोंगरात वरून खाली खणत जाऊन मधोमध दगडाचा ठोकळा सोडला आणि त्याच ठोकळ्याचं देऊळ केलं. म्हणजे कैलास एका खड्ड्यात उभा आहे. हा खड्डा साधारण ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या बाजूला ३३ मीटर खोल आहे. दहा मजली इमारत आरामात मावेल अशा खोलीत अंगण, आणि अंगणात देऊळ. त्यामुळे इथलं ऊन डोंगरावरच्या उन्हासारखं नसतं. ते विहिरीत पडणाऱ्या उन्हासारखं, भिंतीवरून डोकावून येतं.

ते कधी डोकावतं, हे शोधायला कसलं उपकरण लागत नाही. आपली स्वतःची सावली पुरते. सावली आपल्या उंचीएवढी झाली की सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर आलेला असतो. सावली उंचीच्या दुप्पट असेल तर सूर्य साडेसव्वीस अंशांवर. मग हिशेब सोपा आहे. सावली दुप्पट असताना ३३ मीटरची भिंत ६६ मीटर सावली पाडते. सावली उंचीएवढी असताना तीच भिंत ३३ मीटर सावली पाडते. अंगण ८४ मीटर लांब, त्यामुळे किती भाग उन्हात आला याचा अंदाज लागतो.

आता महिन्याप्रमाणे हे किती बदलतं बघा. जानेवारीच्या मध्याला वेरूळला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि माणसाची सावली तिच्या उंचीएवढी व्हायला सव्वाअकरा वाजतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तीच अवस्था सव्वानऊलाच येते. म्हणजे जानेवारीतली अकराची वेळ आणि मेमधली नऊची वेळ सूर्याच्या दृष्टीने एकच. उन्हाळ्यात "नऊला पोचू, लवकरच आहे की" म्हणणारा माणूस प्रत्यक्षात हिवाळ्याच्या हिशेबाने अकराला पोचतो. यात आणखी एक गंमत आहे. आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखांशावर लावलेलं, आणि वेरूळ त्याच्या बरंच पश्चिमेला. म्हणून इथे सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, वर्षभर साधारण सव्वाबारा ते पावणेएकच्या दरम्यान. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर तो अगदी माथ्यावरून जातो. दुपारी साडेबारा वाजता खांबाला सावलीच नसते, आणि कैलासाचा खड्डा तेव्हा खरोखरच विहिरीसारखा तळापर्यंत उजळतो. ऐकायला सुंदर वाटतं, पण त्या वेळी तळात उभं राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी आजारी पडतो.

तापण्याचं कारण दगडात आहे. बसाल्ट काळा आणि घट्ट असतो, तो ऊन पितो आणि सावकाश सोडतो. शिवाय तिन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे खड्ड्यात वारा फिरत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर दुपारी साडेबारा-एकनंतर थेट ऊन यायला लागतं ते मावळेपर्यंत. त्यामुळे हवा थोडी निवली तरी चार वाजता कडा गरमच असतो. तापलेल्या तव्याशेजारी बसल्यासारखं, जाळ विझला तरी धग लागत राहते. एकदा एप्रिलमध्ये मी साडेतीनला गेले होते. वरच्या देवळात चपला काढून जायचं, आणि उघड्यावरच्या फरशीवरचे ते चार पाय टाकताना मी लहान मुलासारखी उड्या मारत गेले. मागची काकू म्हणाली, "पायमोजे आणले असतेत तर!" तेव्हापासून मी पिशवीत सुती पायमोजे ठेवते. फार उपयोगी वस्तू आहे ती.

माझ्या मते उन्हाळ्यात, म्हणजे मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत, संध्याकाळच्या उजेडावर सरळ पाणी सोडावं. सूर्योदयाला आत शिरून नऊपर्यंत बाहेर पडावं. कैलास, चौदा आणि पंधरा, एवढंच. शिल्पांवर थेट ऊन पडलेलं दिसणार नाही, पण त्यासाठी भोवळ येऊन पडण्यात अर्थ नाही.

हिवाळ्यात मात्र दोन्ही हाती लाडू मिळतात. कसे, ते एका दिवसाच्या गोष्टीतून सांगते. जानेवारीचा मध्य होता आणि वार गुरुवार. वार महत्त्वाचा आहे, त्याकडे मागाहून येऊ. यावेळी आई आणि मी आदल्या रात्री वेरूळ गावातच मुक्काम केला होता. सव्वासातला तिकीटखिडकीवर आमच्याशिवाय तिघेजण. थंडी चांगलीच होती, आईने शाल गुंडाळलेली.

कैलासाच्या दारात आम्ही शिरलोच नाही. दाराच्या उजव्या हाताने डोंगरावर जाणारी वाट धरली. ही वाट कैलासाच्या खड्ड्याच्या काठाने वर जाते. आई अर्ध्या वाटेवरच एका दगडावर बसली, मी पुढे गेले. वरून खाली बघितलं तर सगळं अंगण निळसर सावलीत बुडालेलं, आणि त्यात देवळाचं शिखर तेवढं वर आलेलं. आठच्या पुढे कधीतरी डोंगरावरून ऊन सरकत आलं आणि शिखराच्या माथ्यावर टेकलं. तिथून ते हळूहळू खाली उतरत जाताना बघत बसणं हा वेरूळमधला मला सगळ्यात आवडणारा कार्यक्रम आहे. सावलीची कडा एकेक थर खाली सोडते, आणि प्रत्येक थराची नक्षी ती निघून जाण्याच्या क्षणी सगळ्यात स्पष्ट दिसते.

असं का होतं? दगडात कोरलेलं शिल्प आपल्याला रंगामुळे दिसत नाही, सावलीमुळे दिसतं. ऊन समोरून पडलं की नाक-डोळे-दागिने सगळं सपाट होतं. ऊन बाजूने, तिरकं घासून गेलं की बारीकशा उंचवट्यालाही सावली मिळते आणि बोटं मोजता येतात. कपड्यावरच्या चुण्या खिडकीशेजारी धरून बघितल्यावर दिसतात, तसंच हे. फोनचा टॉर्च लावून शिल्प बघणाऱ्यांचं इथेच चुकतं. टॉर्च डोळ्यांच्याच दिशेने उजेड टाकतो, आणि शिल्प पाटीसारखं सपाट होतं.

वरून बघायला सकाळच का, याला आणखी एक कारण आहे. काठावर मागच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला उभं राहिलं की आपली पाठ सूर्याकडे येते. दुपारी त्याच जागेवरून सूर्य थेट डोळ्यांत येतो, खालचं देऊळ काळं होतं आणि मागचं आभाळ पांढरं. मावसबहिणीचे सत्तर फोटो असेच झाले होते. चार वाजता काठावर चढणारे कित्येक लोक मी बघितलेत. हाताने डोळे झाकून दोन मिनिटं बघतात आणि उतरतात.

साडेआठ-पावणेनऊला आम्ही खाली उतरून कैलासाच्या अंगणात गेलो. जानेवारीत सूर्य आग्नेयेकडून, तिरका येतो, त्यामुळे मागच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही भिंतींची सावली अंगणावर पडते. साडेनऊ-दहापर्यंत फरशीच्या बहुतेक भागाला ऊनच लागत नाही. तुम्ही उघड्यावर असता, पण छत्रीखाली असल्यासारखे. उजेड मऊ असतो, सगळीकडून सारखा येतो, डोळ्यांना त्रास होत नाही. हत्तींची रांग, ध्वजस्तंभ, रामायण-महाभारताचे पट हे सगळं बघायला ही वेळ उत्तम. दक्षिणेच्या बाजूला खाली, रावण कैलास हलवतोय ते प्रसिद्ध शिल्प आहे. हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा दक्षिणेच्या भिंतीची सावली अंगणाच्या निम्म्याहून जास्त भागावर पडलेली असते. त्यामुळे त्या शिल्पावर कडक ऊन क्वचितच येतं. त्याच्यासाठी वेळ साधायची गरज नाही, फक्त गर्दी टाळायची.

आणि गर्दीचा काटा इथे फार नेमका आहे. संभाजीनगरहून निघणाऱ्या सहलीच्या बसगाड्या आणि टॅक्स्या नाश्ता करून नऊच्या सुमारास निघतात. काही वाटेत दौलताबादच्या किल्ल्याला थांबतात, काही थेट येतात. त्यामुळे दहा ते साडेदहाच्या दरम्यान वेरूळला पहिली लाट येते, आणि प्रत्येक माणूस आधी कैलासात जातो, कारण तोच समोर असतो. साडेदहा ते दीड हा कैलासाचा सगळ्यात गजबजलेला वेळ. त्यातही दोन जागा तुंबतात. एक, दारातला बोळ, आणि दुसरी, वरच्या मंडपाकडे जाणारे दोन जिने. आई जिन्याला घाबरते. पण नऊ वाजता जिना रिकामा होता, त्यामुळे ती स्वतःच्या गतीने, प्रत्येक पायरीवर थांबत, वर जाऊन आली.

वर मंडपात शिरण्याआधी मी तिला दारातच उभं केलं. डोळ्यांचं शास्त्र इथे कामाला येतं. उन्हातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पहिल्या पाच-दहा मिनिटांत बरंच दिसायला लागतं, पण पूर्ण सवय व्हायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. बहुतेक लोक मंडपात दोन मिनिटं थांबतात, म्हणजे डोळे उघडायच्या आतच निघतात. छताच्या मधोमध कोरलेला नटराज आहे, आणि पुढच्या ओसरीच्या छतावर जुन्या रंगांचे अवशेष आहेत. दोन्ही गोष्टी घाईत दिसतच नाहीत. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर आत जाण्यापूर्वी पाचेक मिनिटं तो काढून सावलीत ठेवायचा किंवा साधा चष्मा न्यायचा. आईने यावेळी जुना साधा चष्मा आणला होता. दहा मिनिटांनी ती वर बघून म्हणाली, "अरे, हे तर नाचतायत!" मागच्या खेपेला याच मंडपात तिला काहीच दिसलं नव्हतं.

दहाला आम्ही कैलास सोडला. दारातून बाहेर पडताना पहिली सहल आत शिरत होती, बाई मुलांना मोजत होत्या. इथून पुढे माझा नियम असा की गर्दीच्या उलट्या दिशेने चालायचं. कैलासानंतर बसवाले बहुधा दहावं लेणं, बारावं लेणं आणि मग जैन लेण्यांतलं बत्तिसावं, असा ठरलेला मार्ग घेतात. जैन लेणी उत्तरेला दीडेक किलोमीटरवर आहेत. दहा ते साडेबारा या वेळात आम्ही तिकडे गेलो, म्हणजे तिथे लाट यायच्या आत. हा दिवसातला सर्वांत कोरडा, पांढरा उजेड असतो. अशा वेळी उघड्यावरची शिल्पं बघू नयेत, छताखालचं बघावं. इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर खांब दाट आहेत, आत गारवा आहे, आणि अंगणाच्या फरशीवरून उसळलेलं ऊन आत उजेड देतं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्रास देणारं ऊनच आतल्या माणसाला दिव्यासारखं उपयोगी पडतं. अट एकच, डोळे दाराकडे करायचे नाहीत. दाराकडे पाठ करून बसलं तर पाच मिनिटांत भिंती बोलायला लागतात.

एक ते अडीच जेवण आणि झाडाखालची डुलकी. या वेळात काहीही बघायचा हट्ट करू नये, असं माझं ठाम मत आहे. आवारात झाडं भरपूर आहेत. बाहेर जेवायला जायचं असेल तर त्याच तिकिटावर परत आत सोडतात का, हे सकाळीच दारावर विचारून ठेवावं, म्हणजे भर दुपारी पुन्हा रांगेत उभं राहायची वेळ येत नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

अडीचनंतर दक्षिणेच्या टोकाकडे गेलो. पहिल्या नऊ लेण्यांकडे फारसं कुणी फिरकत नाही, त्यामुळे तिथे तुलनेने शांत असतं. पाचव्या लेण्यात दगडातच कोरलेली दोन लांब बाकं आहेत, जेवणाच्या पंगतीसारखी. आई तिथे बराच वेळ बसली. मी घड्याळाकडे बघत होते, कारण बाराव्या लेण्याच्या, तीन तालाच्या वरच्या मजल्यावर मला पाचच्या आसपास असायचं होतं.

त्यामागचा हिशेब सांगते. पश्चिमेकडे उघडणारी, तीन मीटर उंचीची ओसरी धरा. दुपारी तीनला जानेवारीत सूर्य ३६ अंशांवर असतो, आणि ऊन ओसरीत जेमतेम तीन-चार मीटर शिरतं. साडेचारला तो २० अंशांवर येतो आणि ऊन सात मीटरपर्यंत पोचतं. सव्वापाचला सूर्य ११ अंशांवर, आणि ऊन तेरा-चौदा मीटर आत. शेवटच्या पाऊण तासात ते आधीच्या दीड तासापेक्षा दुप्पट सरकतं. म्हणजे साडेचारला कंटाळून निघणारा माणूस, जे बघायला आला ते यायच्या अगदी तोंडावर निघालेला असतो. शिवाय खालच्या मजल्यांना समोरच्या भिंतीचा अडसर होतो, वरच्या मजल्याला होत नाही. म्हणून वरचा मजला.

पाचला वर पोचलो. जिने उभट आहेत, आईला मी दुसऱ्या मजल्यावरच बसवलं, तिने हट्टाने शेवटचा जिनाही चढला. मागच्या भिंतीशी ओळीने बसलेले बुद्ध आहेत. ऊन फरशीवरून सरकत त्यांच्याकडे येत होतं. जानेवारीत सूर्य नैऋत्येकडे कललेला असतो, त्यामुळे ते समोरून न येता बाजूने, खांबांमधून तिरकं येतं. एका खांबाची सावली एका गुडघ्यावर, शेजारच्या मूर्तीचा हात उजळलेला. समोरून येणारं ऊन असतं तर सगळंच एकसारखं पिवळं झालं असतं.

समोरून येणारं ऊन हवंच असेल तर त्याचंही एक ठिकाण आहे. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात, स्तूपासमोर बुद्धाची मूर्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास काही दिवस दुपारी चारनंतर दर्शनी भागातल्या वरच्या गवाक्षातून ऊन आत येऊन मूर्तीच्या चेहऱ्यावर पडतं. वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्या येतात आणि लोक मुद्दाम येतात. त्या चार-पाच दिवसांत तिथे खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं, हेही सांगायला हवं. मी एकदा गेले. ऊन बघितलं, त्याहून जास्त लोकांच्या फोनचे पडदे बघितले. गर्दी नको असेल तर त्याच्या चार-सहा दिवस आधी जावं. किरण तेव्हा चेहऱ्यावर नसेल, खांद्यावर किंवा शेजारी असेल, पण लेणं तुमचं एकट्याचं असेल.

आता वाराबद्दल. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. दोन्ही बघायला आलेल्या प्रवाशाला सोमवारी वेरूळ करावं लागतं आणि मंगळवारी अजिंठा. त्यामुळे सोमवार हा कामाचा दिवस असला तरी रिकामा नसतो, आणि मंगळवारी अडकलेले लोक बुधवारी येतात. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी, त्यातले कितीतरी पुढे लेण्यांना येतात. श्रावणातला सोमवार आणि महाशिवरात्र हे घृष्णेश्वराचे दिवस. देऊळ लेण्यांपासून एका किलोमीटरच्या आत आहे, रस्ता एकच, त्यामुळे त्या दिवशी लेण्यांत गर्दी कमी असली तरी लेण्यांपर्यंत पोचता येत नाही. उरतात गुरुवार आणि शुक्रवार. त्यातही डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी येतात. पण मुलं सूर्योदयाला येत नाहीत, हे एक बरं आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं असेल तर खिडकीची रांग चुकते. दारावरच्या तपासणीची चुकत नाही.

पावसाळ्यात हे सगळं वेळापत्रक गुंडाळून ठेवायचं. ढगाळ आभाळ हा एक भला मोठा पांढरा पडदाच असतो. सगळीकडून सारखा, मऊ उजेड येतो, आभाळ आणि देऊळ यांच्या उजेडातला फरक कमी होतो, फोटोत देऊळ काळं पडत नाही. ऑगस्टच्या ढगाळ दुपारी दीड वाजता मी कैलासाच्या अंगणात आरामात उभी होते. जानेवारीत त्या वेळी मी झाडाखाली झोपलेली असते. अडचण एवढीच की वाटा निसरड्या होतात, आणि आतली लेणी आणखी अंधारी. काठावरची वाट मात्र पावसात धरूच नये.

घारापुरीला हा सगळा हिशेब निकामी होतो, कारण तिथे वेळ सूर्य ठरवत नाही, होडी ठरवते. गेटवेवरून सकाळी पहिली होडी सुटली की सगळे एकदमच पोचतात. तिथे मी पायऱ्यांवरच्या दुकानांपाशी अर्धा तास काढते आणि पहिली लाट पुढे जाऊ देते. पण तो वेगळा विषय.

त्या गुरुवारी साडेपाचला रखवालदारांनी शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली. आम्ही तीन तालातून उतरून बाहेर आलो, आणि चालत चालत पुन्हा कैलासासमोर. सकाळी निळसर दिसलेलं दार आता तांबूस झालं होतं, आणि दाराच्या भिंतीवर समोरच्या झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. आत जायला वेळ नव्हता. आईने शाल पुन्हा गुंडाळली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मागच्या वेळी आपण नेमकं कुठे आलो होतो गं?"